आंब्याचे पैसे आणि ट्रेझरी बिल: बाजारातला भाव, 91 दिवस आणि हातात नक्की किती पडतं

आपल्याकडे देवगड-रत्नागिरी पट्ट्यात पैसा दर महिन्याला येत नाही, तो मे महिन्यात येतो. वाशीच्या दलालाची शेवटची पट्टी आली, उरलेला माल कॅनिंगला गेला, की जूनच्या पहिल्या आठवड्यात खात्यात एकदम दोन-चार लाख दिसतात आणि तेच पुढच्या मार्चपर्यंत पुरवायचे असतात. गणपतीला लागतात, मोहोर यायच्या वेळेला फवारणीला लागतात, राखणीच्या गड्यांना लागतात. म्हणजे कधी किती लागणार हे आपल्याला साधारण माहीत असतं, आणि तरी ते पैसे सेव्हिंगमध्येच पडून राहतात, नाहीतर कोणीतरी म्हणतो म्हणून पतसंस्थेत जातात. अशा पैशासाठी ट्रेझरी बिल ही चीज कशी चालते एवढंच सांगतो. सरकारी रोखे म्हणजे पाच, दहा, तीस वर्षांचे, त्यांच्याबद्दलही बोलूया पण शेवटी, कारण लोक सुरुवात तिथून करतात आणि गोंधळतात.

ट्रेझरी बिल, लोक टी-बिल म्हणतात, म्हणजे केंद्र सरकारने थोड्या दिवसांसाठी घेतलेलं कर्ज. तीन मुदती असतात, 91 दिवस, 182 दिवस आणि 364 दिवस. यावर व्याज म्हणून वेगळं काही मिळत नाही. 100 रुपयांचं बिल तुम्हाला 98 रुपये काहीतरी पैशाला मिळतं आणि मुदत संपली की सरकार 100 देतं, मधला फरक ती तुमची कमाई. संपलं. पासबुकात व्याजाची एंट्री शोधत बसू नका, ती येणारच नाही.

हे आकडे विचित्र का आहेत, सरळ 90, 180, 365 का नाहीत असं बऱ्याच जणांना वाटतं. 91 म्हणजे बरोबर 13 आठवडे, 182 म्हणजे 26 आणि 364 म्हणजे 52. लिलाव साधारण बुधवारी होतो, पैशाचा व्यवहार गुरुवारी पूर्ण होतो, म्हणजे गुरुवारी सुरू झालेलं बिल गुरुवारीच संपतं. सुट्टी मध्ये आली तर दिवस पुढेमागे होतो तेवढंच. आपल्याला याचा फायदा असा की पैसे कोणत्या तारखेला परत येणार हे घेतानाच कॅलेंडरवर बोट ठेवून सांगता येतं.

आता घ्यायचं कुठून. रिझर्व्ह बँकेने 12 नोव्हेंबर 2021 ला रिटेल डायरेक्ट नावाची योजना सुरू केली, त्याआधी सामान्य माणसाला हे जमत नव्हतं असं नाही पण फार कोणी करत नव्हतं. वेबसाईट आहे rbiretaildirect.org.in, आणि 2024 च्या मे महिन्यात त्याचं मोबाईल ॲप पण आलं. पत्ता स्वतः टाईप करा, व्हॉट्सॲपवर कोणी पाठवलेल्या लिंकवरून जाऊ नका, रिझर्व्ह बँकेच्या नावाने खोटे मेसेज फिरतच असतात. ब्रोकरकडे डिमॅट असेल तर तिथूनही शेअर बाजारांच्या सोयीमार्फत बोली टाकता येते, पण रिटेल डायरेक्टवर खातं उघडायला, सांभाळायला आणि बोली टाकायला फी नाही, पेमेंट गेटवेचा चार्ज लागला तर तो आपला. माझं मत विचाराल तर ज्याचं डिमॅट आधीपासून नाही त्याने याच्यासाठी मुद्दाम काढू नये.

खात्याला लागतं काय, तर पॅन, केवायसीसाठी आधारसारखा एक कागद, मोबाईल, ईमेल आणि तुमच्या नावावरचं सेव्हिंग खातं. हे खातं पोर्टलला जोडलेलं राहतं, पैसे तिथूनच जातात आणि तिथेच परत येतात. म्हणून ज्या बँकेत नेटबँकिंग किंवा यूपीआय धड चालतं तीच बँक जोडा. गावातली छोटी बँक माणसांनी चांगली असते, मॅनेजर घरी येऊन चहा पितो, पण यूपीआय अर्ध्या वेळेला बंद असेल तर बुधवारच्या लिलावाला उपयोग नाही. नवरा-बायको मिळून जॉइंट खातं उघडता येतं, आणि नॉमिनी टाकायचाच, ते उद्यावर ढकलू नका.

इथे सगळ्यात जास्त अडकतं ते नावात. पॅनवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत मधलं नाव गाळलेलं, असा आपल्याकडचा थाट असतो. पॅन आधी केव्हातरी नोकरीला असताना काढलेलं, आधार लग्नानंतर अपडेट केलेलं, आणि बँकेतल्या क्लार्कने कंटाळून फक्त आडनाव आणि इनिशियल लिहिलेलं. पोर्टल हे जुळवायला जातं आणि अर्ज अडतो. अर्ज पेंडिंग दिसतोय, पुढे सरकत नाही, तर आधी ही तीन नावं अक्षरनअक्षर समोरासमोर ठेवून बघा. दुरुस्ती करून घ्यायची तर मे महिन्याच्या गडबडीत नको, पावसाळ्यात नाहीतर त्याआधी थंडीत करा, म्हणजे पैसे येतील तेव्हा खातं तयार असेल. खातं मंजूर झालं की रिटेल डायरेक्ट गिल्ट खात्याचा नंबर मिळतो आणि तुमची बिलं त्याच खात्यात दिसतात. कागद, सर्टिफिकेट काही घरी येत नाही, सगळं इलेक्ट्रॉनिक.

आता लिलाव म्हटलं की घाबरायला होतं, बोली म्हणजे भाव कुठला टाकायचा, चुकला तर काय. तर भाव टाकायचाच नाही. मोठ्या बँका, म्युच्युअल फंड वगैरे भाव टाकून बोली लावतात, ते स्पर्धा करतात. आपल्यासारख्यांना बिनस्पर्धेची बोली लावता येते, म्हणजे आपण फक्त सांगायचं की मला एवढ्या रकमेचं बिल पाहिजे, आणि मोठ्यांच्या मंजूर झालेल्या बोलींची जी भारित सरासरी निघेल त्या भावाने आपल्याला मिळतं. भारित म्हणजे ज्याने जास्त घेतलं त्याच्या भावाला जास्त वजन. कमीत कमी 10,000 रुपयांचं आणि पुढे 10,000 च्या पटीत. 35,000 चं नाही घेता येत, 30 किंवा 40.

बोलीची विंडो लिलावाच्या आधीच बंद होते, शेवटची वेळ त्या बिलासमोर पोर्टलवर लिहिलेली असते. बुधवारी दुपारी जेवून, वामकुक्षी काढून लॉगिन केलं आणि गाडी निघून गेलेली, असं होतं, म्हणून सोमवारी-मंगळवारी काम उरकून टाका. बोली टाकताना अजून भाव ठरलेला नसतो, मग पैसे कशाच्या हिशोबाने घेणार? तर पोर्टल अंदाजी भावाने रक्कम मागतं आणि जास्त गेलेले परत येतात. यूपीआयने केलं तर रक्कम खात्यातच ब्लॉक करून ठेवायची सोय आहे, नेटबँकिंगने केलं तर ती लगेच कापली जाते. दोन-तीन दिवसांचाच फरक आहे, पण मी यूपीआय पसंत करतो कारण ब्लॉक असलेले पैसे तोपर्यंत आपल्याच सेव्हिंग खात्यात असतात. फक्त लक्षात ठेवा, बँकेच्या ॲपमध्ये बॅलन्स दिसतोय आणि वापरता येत नाहीये म्हणजे पैसे गायब झाले असं नाही.

आता हिशोब करूया. आमच्या शेजारच्या बागायतदार काकांनी मला थेट विचारलं होतं, "ता सगळा ऱ्हवांदे, माका गावतले किती ता सांग." त्यांच्यासाठी जो कागद केला तोच इथे देतो. दर मी हिशोबासाठी धरलेत, लिलावात दर आठवड्याला बदलतात, त्या आठवड्याचे बघून आकडे स्वतः बदलून घ्या.

काकांकडे 3 लाख आहेत. समजा बुधवारी 3 जून 2026 चा लिलाव धरला, व्यवहार गुरुवार 4 जूनला. एक लाखाचं 91 दिवसांचं बिल, ते 3 सप्टेंबरला संपतं, त्या वर्षी गणेश चतुर्थी 14 सप्टेंबरला आहे म्हणजे मुंबईची मंडळी उतरायच्या आत पैसे हातात. दुसऱ्या लाखाचं 182 दिवसांचं, ते 3 डिसेंबरला, तेव्हा मोहोर फुटायला लागलेला असतो आणि तुडतुड्यांसाठी फवारणीचा खर्च चालू झालेला असतो. तिसऱ्या लाखाचं 364 दिवसांचं, ते 3 जून 2027 ला, हा पुढच्या सीझनला हात आखडला तर म्हणून बाजूला ठेवलेला पैसा.

दर धरूया 91 दिवसांना 5.4 टक्के, 182 ला 5.5 आणि 364 ला 5.6. हा दर वर्षाचा असतो, म्हणून पहिल्या बिलाला 5.4 ला 91 ने गुणून 365 ने भागायचं, येतात 1.3463 टक्के. मग 100 ला 1.013463 ने भागायचं, भाव येतो 98.6716 रुपये. म्हणजे एक लाखाच्या बिलाला काका देणार 98,671 रुपये 60 पैसे आणि 3 सप्टेंबरला घेणार 1,00,000. कमाई 1,328 रुपये 40 पैसे. असंच दुसऱ्याचा भाव येतो 97.3307, काका देणार 97,330.70, कमाई 2,669.30. तिसऱ्याचा 94.7107, देणार 94,710.70 आणि कमाई 5,289.30.

तिन्ही मिळून काकांच्या खात्यातून गेले 2,90,713 रुपये आणि परत येणार 3,00,000, म्हणजे कमाई 9,287. वरचे 9,287 सुरुवातीलाच गेले नाहीत, ते खात्यातच राहिले, आणि ही गोष्ट लोकांना लवकर पटत नाही. काकांनी पण विचारलं की 5.6 टक्के म्हणालास मग लाखावर 5,600 का नाही, 5,289 च का. कारण लाख गुंतवलेच नाहीत. 94,710 गुंतवले, त्यावर 5,289 मिळाले, 5,289 ला 94,710 ने भागा, 5.58 टक्के येतात, आणि 364 दिवसांचे 365 केले की 5.6. टी-बिलाचा दर नेहमी आपण दिलेल्या रकमेवर मोजायचा, परत येणाऱ्या रकमेवर नाही. एजंट-बिजंट कोणी मध्ये नाही, त्यामुळे कोणी यातून काही कापतही नाही.

मग 9,287 साठी एवढा खटाटोप करायचा का? हा प्रश्न चुकीचा नाही. खरं सांगायचं तर 364 दिवसांच्या बिलापेक्षा चांगल्या बँकेची एक वर्षाची एफडी बऱ्याच वेळा जास्त देते, आणि एफडीवर व्याज तिमाहीला मुद्दलात मिळवलं जातं त्यामुळे हातात पडणारं अजून थोडं वाढतं, टी-बिलात चक्रवाढ हा प्रकारच नाही. म्हणून तिसऱ्या लाखासाठी मी काकांना सांगितलं की त्या आठवड्याचा लिलावाचा दर आणि बँकेच्या एफडीचा दर दोन्ही समोर ठेवा, एफडी अर्धा-पाऊण टक्का जास्त देत असेल आणि त्या बँकेत तुमचे सगळे मिळून 5 लाखांच्या आत असतील तर एफडी करा. 5 लाख का, तर ठेव विम्याची मर्यादा तेवढी आहे, 4 फेब्रुवारी 2020 पासून, एका माणसाला एका बँकेत, मुद्दल आणि व्याज धरून.

पण तीन महिन्यांच्या पैशाचं गणित वेगळं आहे. बँका थोड्या दिवसांच्या एफडीला वर्षाच्या एफडीपेक्षा बरंच कमी देतात आणि सेव्हिंगवर तर त्याहून कमी. लिलावात मात्र 91 दिवसांचा आणि 364 दिवसांचा दर बहुतेक वेळा जवळजवळ असतो. म्हणजे टी-बिलाची खरी जागा ही पहिल्या दोन लाखांची, गणपतीचे आणि फवारणीचे पैसे, जे तुम्ही वर्षासाठी अडकवू शकत नाही आणि सेव्हिंगमध्ये ठेवले तर काही मिळत नाही.

आणि पतसंस्था. इथे मी जरा कडक बोलतो. पतसंस्था बँकेपेक्षा दोन टक्के जास्त देते म्हणून आपल्याकडे सर्रास पैसे जातात, चेअरमन ओळखीचा असतो, नाही म्हणवत नाही. पण पतसंस्थेच्या ठेवीला तो 5 लाखांचा विमा नाही. सहकारी बँकेला आहे, पतसंस्थेला नाही, बोर्डावर दोन्हीकडे 'सहकारी' लिहिलेलं असतं म्हणून लोक फसतात. टी-बिलाला विमा लागत नाही कारण देणेकरी केंद्र सरकार आहे, रुपयात घेतलेलं कर्ज ते रुपयात फेडतं, त्यामुळे 10 हजार असोत की 50 लाख, तिथे मर्यादेचा प्रश्नच येत नाही. वरचे दोन टक्के कशाचे मिळतात हे स्वतःला विचारून मग सही करा.

आता याची अडचण. मुदतीच्या आधी मोडायचं म्हटलं तर बँकेसारखं काउंटरवर जाऊन मोडता येत नाही, सरकार आधी पैसे देत नाही. दुसऱ्याला विकावं लागतं. पोर्टलवरून विक्रीची ऑर्डर टाकता येते, ती रिझर्व्ह बँकेच्या एनडीएस-ओएम नावाच्या बाजारात जाते, जिथे मुळात बँकाच कोट्यवधींचे व्यवहार करतात. आपल्या लाखभराच्या मालाला तिथे किरकोळ माल म्हणून वेगळं बघितलं जातं आणि त्या दिवशी गिऱ्हाईक असेलच असं नाही. असलं तरी तो आपली गरज बघून भाव पाडूनच मागतो. स्क्रीनवर शेवटचा भाव दिसतो तो कदाचित मोठ्या सौद्याचा असतो, तुम्हाला तोच मिळेल असं समजू नका. विकला गेला तरी पैसे साधारण दुसऱ्या कामाच्या दिवशी येतात. म्हणून दवाखान्यासाठी ठेवलेले पैसे यात घालायचे नाहीत, ते सेव्हिंगला किंवा मोडता येणाऱ्या एफडीतच राहू देत. ज्या पैशाची तारीख माहीत आहे तोच पैसा इथे.

दुसरी अडचण छोटी आहे पण चिडवते. 3 सप्टेंबरला गुरुवारी पैसे आले, गणपतीला 60 हजार पुरे झाले, उरलेले 40 परत लावायचे. पण त्या आठवड्याचा लिलाव आदल्या दिवशी बुधवारीच झालेला. म्हणजे पुढच्या बुधवारची वाट बघायची, मधला एक आठवडा पैसे सेव्हिंगवर, आणि 10 सप्टेंबरला घेतलेलं बिल संपणार 10 डिसेंबरला. आणि तेव्हा दर जूनएवढाच असेल याची खात्री नाही, कमी झाला असेल तर कमीच मिळणार. 2025 च्या ऑगस्टपासून रिटेल डायरेक्टवर टी-बिलांसाठी ऑटो-बिडिंगची सोय आलेली आहे, नवीन गुंतवणूक आणि पुन्हा गुंतवणूक दोन्हींसाठी, ज्याला दर वेळेला लॉगिन करायचा कंटाळा आहे त्याने ती बघावी. पण सीझनच्या पैशाला मी ती लावणार नाही, कारण आपोआप पुन्हा गुंतले आणि नेमकी डिसेंबरात औषधं उधार आणायची वेळ आली तर काय उपयोग.

बोली टाकली आणि बिल मिळालं की नाही हे कसं कळायचं? मेसेज, ईमेल येतो पण त्यावर विसंबू नका. गुरुवारी संध्याकाळी पोर्टलवर होल्डिंगमध्ये बघा, बिल, त्याची रक्कम आणि संपायची तारीख तिथे दिसली पाहिजे. कोणत्या भावाने मिळालं ते बघा आणि वर केला तसा हिशोब करून बँकेच्या स्टेटमेंटशी जुळवा. जास्तीचे पैसे परत आले का तेही तिथेच कळतं. मुदत संपल्यावर तुम्हाला काही करावं लागत नाही, अर्ज नाही, सही नाही, पूर्ण रक्कम जोडलेल्या खात्यात जमा होते. म्हणून मध्येच बँक बदलली असेल, खातं बंद केलं असेल तर पोर्टलवर आधी बदलून घ्या, नाहीतर त्या गुरुवारी धावपळ.

आता ते दीर्घ मुदतीचे सरकारी रोखे. इथे व्याज खरोखर मिळतं, सहा महिन्यांनी, ठरलेल्या तारखेला. एक खरं उदाहरण घ्या, पोर्टलवर याचं नाव 7.10% GS 2034 असं दिसतं. म्हणजे 7.10 टक्के व्याज आणि 2034 ला परतफेड, तारीख 8 एप्रिल. 10,000 च्या रोख्यावर दर 8 ऑक्टोबर आणि 8 एप्रिलला 355 रुपये. 10 लाखांचा असेल तर 35,500 दर सहामाही. निवृत्त मास्तरांना वगैरे हे आवडतं आणि बरोबरच आहे, पैसे वेळेवर येतात.

फक्त त्या 7.10 वर भुलायचं नाही. तो दर 100 रुपयांवर आहे, आणि तुम्हाला रोखा 100 लाच मिळेल असं नाही. समजा बाजारात त्याचा भाव 103 आहे. 10 लाखांच्या रोख्याला तुम्ही देणार 10,30,000, वर्षाला मिळणार 71,000, म्हणजे दिलेल्या पैशावर 6.89 टक्के, आणि 2034 मध्ये परत येणार 10 लाखच, वरचे 30,000 गेले. म्हणून नावातला टक्का बघायचा नाही, शेजारी यील्ड म्हणून जो आकडा असतो तो बघायचा, त्यात हा तोटा-फायदा धरलेला असतो. शिवाय मधल्या तारखेला घेतलं तर मागच्या व्याजाच्या तारखेपासून आजपर्यंतचं व्याज विकणाऱ्याला द्यावं लागतं, ते पुढच्या व्याजात आपल्याला परत मिळतं, पण खरेदीच्या हिशोबात ती वेगळी रक्कम दिसली की लोक दचकतात.

आणि मुख्य धोका हा की मध्ये विकायची वेळ आली तर. दहा वर्षांचा 7.10 चा रोखा 100 ला घेतला आणि बाजारातले दर 8 वर गेले, तर नवीन रोखे 8 देत असताना तुमचा 7.10 चा कोण 100 ला घेणार? भाव उतरतो, हिशोबाने 93 रुपये 88 पैशांच्या आसपास येतो. म्हणजे लाखाचे 93,900. सरकार बुडालं नाही, व्याज थांबलं नाही, शेवटपर्यंत धरून ठेवलं तर पूर्ण लाख मिळणारच, पण मध्ये विकलं तर सहा हजार कमी. उलटं पण होतं, दर उतरले की भाव चढतो. टी-बिलात हाच परिणाम असतो पण दिवस इतके कमी की तो जाणवत नाही. म्हणून आंब्याचे, मासळीचे, होमस्टेचे सीझनचे पैसे दीर्घ रोख्यात घालू नका, आणि ज्याला पंधरा वर्षं व्याजावर जगायचंय त्याने फक्त 91 दिवसांची बिलं फिरवत बसू नये, दर खाली आले की त्याचं उत्पन्नही खाली येतं.

शेवटी टॅक्स, कारण इथे आंबेवाल्यांची एक खास गैरसमजूत आहे. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, पण ते बिलात घातल्यावर जी कमाई होते ती शेतीची नाही. काकांचे 1,328 आणि 2,669 हे 2026-27 मध्ये धरायचे आणि 5,289 जून 2027 ला हातात येतात म्हणून 2027-28 मध्ये. टी-बिलाचा फरक कोणत्या सदरात दाखवायचा यावर सीए लोकांची दोन मतं असतात, काही अल्पकालीन भांडवली नफा धरतात, काही इतर उत्पन्न, पण दर दोन्हीकडे तुमच्या स्लॅबचाच लागतो. सरकारी रोख्यांच्या व्याजावर आणि टी-बिलावर इथे राहणाऱ्या माणसाचा टीडीएस कापला जात नाही, त्यामुळे बँकेसारखा टीडीएस कापू नका म्हणून फॉर्म भरायला लागत नाही, पण कापला नाही म्हणजे लागत नाही असा अर्थ काढू नका, रिटर्नमध्ये आपणच दाखवायचं. आणि ज्यांचं शेतीशिवायचं उत्पन्न करपात्र मर्यादेच्या वर जातं त्यांच्या बाबतीत शेतीचं उत्पन्न दर ठरवण्यापुरतं धरलं जातं, म्हणून नोकरी किंवा होमस्टे असलेल्या बागायतदारांनी सीएला पोर्टलवरचं वर्षाचं स्टेटमेंट दाखवावं, ते लॉगिन करून डाउनलोड होतं.